मदत हवी आहे: गणपतीला गावी जातोय हे लिहायचंय, पण घर बंद आहे हे कळू द्यायचं नाही

मृणाल_डोंबिवली

नमस्कार. यंदा सात वर्षांनी आम्ही चौघं गणपतीला गावी चाललोय, कुडाळजवळ. मागची सगळी वर्षं काही ना काही आडवं आलं: आधी मुलांच्या शाळा, मग कोविड, मग सासऱ्यांचं आजारपण. त्यामुळे या वेळी मनापासून काहीतरी लिहून टाकायचंय. कॅप्शन लिहूनही ठेवलंय:

"सात वर्षांनी गणपतीला गावी! आज रात्रीची तुतारी, उद्या दुपारी कुडाळ. अकरा दिवस फोन कमी, आरत्या जास्त. डोंबिवली, भेटू विसर्जनानंतर!"

सोबत कन्फर्म तिकिटाचा फोटो टाकणार होते, कारण ते मिळवायला दोन महिने आधी सकाळी आठला तिघंजण फोन घेऊन बसलो होतो.

आता अडचण. आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे आणि या दिवसांत पूर्ण बंद असेल. गेल्या मे महिन्यात आम्ही आठवडाभर बाहेर होतो तेव्हा मी व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं होतं. त्यावर आमची शेगडी दुरुस्त करून गेलेल्या माणसाचा मेसेज आला, "मॅडम गावाला का? परत कधी?" तो बिचारा साध्या मनाने विचारत असेल, मला त्याच्यावर संशय नाही. पण घरात येऊन गेलेला, ग्रिल कुठे सैल आहे हे पाहिलेला माणूस आपलं स्टेटस बघतो हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

तर तारीख आणि जागा न सांगता हा आनंद कसा लिहायचा? काही न टाकणं हा उपाय मला नकोय.

---

तंत्र_विनायक

सोपं आहे ताई. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, इन्स्टावर जागेचं नाव टाकू नका. फोटोच्या आत जीपीएस लपलेलं असतं, लोक त्यावरून पत्ता काढतात. ते काढलं की प्रश्न मिटला.

---

सांगाती५६

विनायक, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर फोटो चढवला की तो जीपीएस बघणाऱ्यापर्यंत पोचत नाही. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तरी निघून जातो. तोच फोटो कुणाला डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मात्र आत राहतो. पण मृणालताईंचं कॅप्शन वाचा ना. त्यांनी शब्दांतच सगळं सांगून टाकलंय, जीपीएस कशाला लागतंय?

ताई, आपण एकेक वाक्य बघू. "आज रात्रीची तुतारी" म्हटल्यावर तुम्ही कधी निघालात ते कळलं, कारण ती दादरहून रात्री १२.०५ ला सुटते हे निम्म्या मुंबईला पाठ आहे. "कुडाळ" म्हणजे डोंबिवलीपासून इतकं लांब, की मध्येच घरी चक्कर व्हायची नाही. "भेटू विसर्जनानंतर" तर सरळच आहे. आणि "अकरा दिवस" हे मला सगळ्यात नाजूक वाटतं. आपल्याकडे गणपती किती दिवसांचा हे सांगणं म्हणजे परतीची तारीख सांगणं. दीड दिवसाचा म्हटलं की दुसरा दिवस, गौरीबरोबरचा म्हटलं की गौरी विसर्जन, अकरा दिवसांचा म्हटलं की अनंत चतुर्दशी. कालनिर्णय सगळ्यांच्या भिंतीवर आहे.

तिकिटाचा फोटो तर नकोच. दहा आकडी पीएनआर दिसला की कुणीही तो टाकून गाडी, तारीख आणि डबा बघू शकतो. नाव दिसत नाही, पण नाव तुमच्याच खात्यावर आहे. शिवाय आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे तिकीट मिळाल्याच्या आनंदात त्या दिवशीच टाकलं, तर घर कधी बंद होणार हे दोन महिने आधी सांगून झालं.

---

बाबा_पनवेलकर

मी या मताचा अजिबात नाही. लाइव्ह लोकेशन बंद करा हे धोकादायक आहे. मागच्या वर्षी पावसात आमच्या पुतण्याची गाडी कशेडी घाटाच्या अलीकडे बंद पडली. लोकेशन चालू होतं म्हणून आम्ही मेकॅनिक नेमका तिथे पाठवू शकलो. घरच्यांना कळलंच पाहिजे तुम्ही कुठे आहात.

---

सांगाती५६

काका, ते अगदी बरोबर, आणि ते बंद करायला इथे कुणी सांगत नाहीये. व्हॉट्सअॅपवर एका भावाला किंवा घरच्या ग्रुपवर आठ तासांसाठी लाइव्ह लोकेशन द्यावं, पोचलं की बंद करावं. त्यात बघणारे कोण हे तुम्ही ठरवलेलं असतं. इथे प्रश्न चारचौघांसमोरच्या मजकुराचा आहे.

---

रेवा_ठाणे

मला खरंच विचारायचंय, चोर इन्स्टा बघत बसतात का? गणपतीत डोंबिवली-ठाणे-परळचे निम्मे फ्लॅट बंद असतात हे उघड गुपित आहे.

आमच्याच इमारतीत दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात चोरी झाली. त्या घरच्यांनी सिमल्याचे फोटो रोज टाकले होते, सगळ्यांना दिसतील असे. म्हणून सगळे म्हणाले, बघा, फेसबुकमुळे झालं. पण त्यांच्या दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीत तीन दिवसांचं दूध फुगून फाटलं होतं आणि खाली पेपरांचा गठ्ठा होता. जिन्यातून जाणाऱ्या कुणालाही कळलं असतं. नेमकं कशावरून कळलं ते आजपर्यंत समजलेलं नाही. म्हणून म्हणते, कॅप्शनवर इतकं डोकं लावण्याआधी दूधवाल्याला सांगा.

---

मृणाल_डोंबिवली

रेवा, दूध आणि पेपर बंद केलेत, समोरच्या काकूंकडे किल्ली देणार आहे. पण दूधवाल्यालाही "अकरा दिवस" असंच सांगितलंय! आता त्याचं काय करू?

---

रेवा_ठाणे

मी "परत सांगेपर्यंत नको" एवढंच सांगते. आल्यावर फोन करते. त्याला तारीख लागत नाही.

---

सांगाती५६

रेवाताईंचा मुद्दा मला मान्य आहे. अनोळखी चोर तुमचं खातं शोधत येईल याची भीती मलाही कमी वाटते. पण मृणालताईंचा शेगडीवाला अनोळखी नाही. स्टेटस कुणाला दिसतं, तर ज्याचा नंबर तुमच्याकडे आहे आणि ज्याच्याकडे तुमचा आहे अशा प्रत्येकाला. एकदा यादी उघडून बघा. प्लंबर, जुना ब्रोकर, कुरियरवाला, सोडून गेलेला ड्रायव्हर असे कितीतरी निघतील. त्यातले शंभरातले नव्व्याण्णव भले असतील. पण त्यांना घर माहीत आहे, आणि त्यांच्या शेजारी बसून फोनमध्ये डोकावणारा कोण असेल ते आपल्याला माहीत नाही.

व्हॉट्सअॅपच्या `Status privacy` मध्ये `Only share with...` निवडून पंधरा-वीस जवळची माणसं घाला. हे आधी करून मग स्टेटस ठेवा. आधीच ठेवलेल्या स्टेटसला नवी यादी लागू होत नाही, तिथे बरेच जण फसतात.

---

निशा_के

एक दिवस उशिरा टाकलं तर? मी एकटी फिरते तेव्हा ती जागा सोडल्यावरच टाकते.

---

सांगाती५६

निशाताई, तुमच्यासाठी ते अगदी योग्य आहे, कारण तुमची काळजी "मी आत्ता या हॉटेलात आहे" हे कळू नये ही आहे. तिथून निघालात की ती माहिती शिळी झाली. मृणालताईंची काळजी उलटी आहे, मागे घर रिकामं आहे. त्यांनी चतुर्थीचा फोटो दुसऱ्या दिवशी टाकला तरी घर रिकामंच. त्यांना परत येईपर्यंत थांबावं लागेल, किंवा तोवर फक्त जवळच्यांना दाखवावं लागेल. हे दोन धोके वेगळे धरले की बराच गोंधळ मिटतो.

---

होमस्टे_मालवण

मृणालताई, मी जरा बाजूचं बोलतंय. आमचो मालवणात छोटो होमस्टे आसा. पाहुणे इले की आम्ही त्याच संध्याकाळी फोटो टाकायचो, "आजचे पाहुणे, ठाण्याचं कुटुंब, तीन दिवस मुक्काम", आणि त्यांना टॅग करायचो. आमच्यासाठी ती जाहिरात. तुमचा वाचून आज पहिल्यांदा लक्षात इला की आम्ही लोकांच्या घराचा कुलूप जाहीर करत होतो. आता विचारून, पाहुणे घरी पोचल्यावर टाकीन. पण खरा सांगतंय, ताजो फोटो नसलो तर सीझनमध्ये फोन कमी येतत. समुद्राचो नि ताटाचो फोटो ताजो टाकून माणसांचो नंतर, असा करून बघतंय.

---

मृणाल_डोंबिवली

दादा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. टॅगचं माझ्या डोक्यातच नव्हतं. माझी नणंद तर प्रत्येक आरतीला सगळ्यांना टॅग करते.

---

सांगाती५६

इन्स्टावर टॅग स्वतः मंजूर करण्याची सोय आहे, ती चालू करा. पण त्याने एवढंच होईल, की फोटो तुमच्या पानावर येणार नाही. नणंदेच्या पानावर तो दिसणारच, तिथे तिला सांगण्यावाचून इलाज नाही.

आणि परत आल्यावर लिहितानासुद्धा "दरवर्षी अकरा दिवस" असं लिहू नका. पुढच्या वर्षीची तारीख त्यातून निघते.

---

मृणाल_डोंबिवली

काल रात्री बसून, तिथे कसं होईल ते मनात धरून पुन्हा लिहिलं. हे परत आल्यावर टाकीन:

"सात वर्षांनी माटवीखाली उभी राहून आरती म्हटली. कवंडळं तीच, टाळ तेच, फक्त सासऱ्यांचा आवाज नव्हता. धाकट्याने पहिल्यांदा घालीन लोटांगण पूर्ण म्हटलं, आणि आजी रडली."

लिहिताना जाणवलं की गाडी, तारीख, दिवस हे सगळं काढल्यावर जे उरलं तेच मला सांगायचं होतं. जवळच्या अठरा जणांची यादी केली आहे, त्यांना तिथूनच फोटो दाखवीन. शेगडीवाला आणि आणखी एकवीस जण यादीबाहेर गेले.

एकच अडलंय. सासूबाई. त्यांचं फेसबुक सगळ्यांसाठी उघडं आहे, त्या आधीच गावी पोचल्यात, आणि आज सकाळी त्यांनी टाकलंय, "मुलगा सून नातवंडं शनिवारी येणार, घर भरणार." खाली सत्तर जणांनी गणपती बाप्पा मोरया लिहिलंय. सात वर्षं त्या आमच्याशिवाय नैवेद्य दाखवत आल्या आहेत. काढा म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?

---

रेवा_ठाणे

काढायला सांगू नका. पोस्टच्या तीन टिंबांवर दाबून ती कुणाला दिसावी हे `Friends` करता येतं. मोरया म्हणणारे जे त्यांचे मित्र आहेत त्यांना ती दिसत राहील. नवऱ्याला फोनवर करून द्यायला सांगा.

---

बाबा_पनवेलकर

आणि शनिवारचं काय? ते मित्रांनाही दिसणारच की.

---

मृणाल_डोंबिवली

हो काका, दिसणार. त्यांच्या मित्रयादीत आमच्या इमारतीतले सहा जण आहेत. ह्यांनी आत्ताच आईला फोन लावलाय, बोलणं चालू आहे. काय होतं ते लिहिते.