२०२६ मध्ये पंधरवड्याचे २७ पगार येताहेत, काय करावं?

मधुरा_एडिसन
न्यू जर्सीत आमचं छोटं ऑफिस आहे. पगार दर दुसऱ्या शुक्रवारी होतो. यंदाचा पहिला २ जानेवारीला झाला, सव्विसावा १८ डिसेंबरला येतो. पुढचा १ जानेवारी २०२७ चा, पण त्या दिवशी बँका बंद, म्हणून तो ३१ डिसेंबरलाच द्यावा लागेल. वर्षाला ७८,००० डॉलर ठरलेल्या माणसाला आम्ही ३,००० देतो. मग त्याला ८१,००० जाणार का? की रक्कम २७ ने भागायची?

शनिवारवाडा
यंदा कॅलेंडरच ५३ आठवड्यांचं आहे, एक्सेलमध्ये `=ISOWEEKNUM(DATE(2026,12,31))` टाकून बघा. म्हणजे सगळ्यांनाच जादा पगार.

हिशेबनीस
आठवडे ५३ हे बरोबर, पण पगार त्यावर ठरत नाही. ३६५ म्हणजे ५२ आठवडे आणि एक दिवस. यंदा तो जादा वार गुरुवार, म्हणून दर गुरुवारी पगार देणाऱ्याला ५३ वेळा द्यावा लागतो. शुक्रवारवाल्याला ५२ च, सुट्टीमुळे एक मागे आला तर ५३. पंधरवड्यात हाच एकेक दिवस साठत जातो आणि साधारण अकरा वर्षांनी एक जादा पगार उभा राहतो.

मधुरा, तो टळत नाही. १ जानेवारीलाच दिलात तर २०२७ मध्ये २७ होतील.

मी ३,००० च ठेवेन. २७ ने भागलं तर २,८८८.८९ येतात, पण काम तर चौदाच दिवसांचं. शिवाय ३६,४०० वाला कोणी ओव्हरटाइममधून वगळलेला असेल तर त्याचे १,४०० चे १,३४८ होतात. आठवड्याला किमान ६८४, म्हणजे पंधरवड्याला १,३६८ लागतात. त्याखाली गेलात की ओव्हरटाइम देणं आलं. ऑफर लेटरमध्ये वार्षिक आकडा आहे की पंधरवड्याचा, तेही बघा.

रेखा_नाशिक
आमच्या कारखान्यात हजेरीवर दर शनिवारी पगार होतो. आम्हालाही जादा मिळेल का?

हिशेबनीस
रेखाताई, हजेरीवर जेवढे दिवस भरले तेवढेच पैसे. हा पेच वार्षिक रक्कम ठरलेल्यांचाच.

मधुरा_एडिसन
पत्रांत वार्षिक आकडाच आहे. आरोग्य विम्याचा हप्ता २६ भागांत कापतो, त्याचं?

हिशेबनीस
सत्ताविसाव्याला तो बंद ठेवा, नाहीतर एक हप्ता जादा कापला जाईल आणि परत करावा लागेल. निवृत्ती योजनेचं मात्र बघा: टक्क्यांनी कापत असाल तर वरची मर्यादा आधीच गाठली जाऊ शकते.

टेक्सासकर
आमच्याकडे मागे २७ ने भागले होते. दोन महिने आधी लेखी कळवलं होतं, तरी लोक चिडले. मालकाच्या बाजूने बघता ३,००० जादा प्रत्येकी, दहा माणसांत तीस हजार. मला भागणंच योग्य वाटतं.

मधुरा_एडिसन
यंदाचे बरेच पगार ३,००० ने देऊन झालेत, त्यामुळे आता भागायचं तर उरलेल्यांतूनच मोठी कपात होईल. ते नको वाटतंय. भागीदारांशी बोलते, आधी विम्याची कपात सॉफ्टवेअरमध्ये थांबवते.