कलाशाखेच्या पहिल्या वर्षासाठी ड्रॉइंग टॅब्लेट: आपले अनुभव कळवावेत

खरेदी विभाग, सातपूर

सर्व सहकाऱ्यांना नमस्कार. माझी भाची यंदा नाशिकमध्येच कला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात दाखल झाली आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा तिने कागदावरच दिल्या असल्यामुळे संगणकावर चित्र काढण्याचा तिला काहीही सराव नाही. घरी १५.६ इंची विंडोज लॅपटॉप आहे आणि साधारण सहा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. ती डावखुरी आहे, हेही लक्षात घ्यावे. ज्यांनी स्वतःसाठी किंवा घरातल्या मुलांसाठी लॅपटॉपला जोडून पेनने चित्र काढण्याचा टॅब्लेट घेतला असेल, त्यांनी केवळ नाव न सुचवता तो कोणत्या कामासाठी वापरला आणि कुठे अडचण आली, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

माहिती तंत्रज्ञान विभाग

मॅडम, मी एक्सपी-पेनचा डेको मालिकेतला टॅब्लेट वापरतो. खरेदी करताना दाबाच्या पातळ्या किती आहेत, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. माझ्या टॅब्लेटमध्ये त्या ८१९२ आहेत, तर वॅकॉमच्या ‘वन बाय वॅकॉम’ या स्वस्त टॅब्लेटमध्ये २०४८. आकडा जितका मोठा, तितके हाताच्या दाबातले बारीक फरक रेषेत उमटतात. पेनमध्ये बॅटरी नसावी, हेही पाहावे, कारण चार्ज करावा लागणारा पेन नेमका काम सादर करण्याच्या दिवशी बंद पडतो.

लेखा विभाग

आमच्याकडे टॅब्लेट आहे, मात्र तो चित्रकलेसाठी घेतलेला नाही. टाळेबंदीच्या काळात माझी पत्नी गणिताच्या शिकवण्या ऑनलाइन घेत असे, तेव्हा फळ्याऐवजी लिहिण्यासाठी सर्वांत लहान आकाराचा घेतला होता. अंक आणि समीकरणे लिहिण्यास तो पूर्णपणे पुरेसा ठरला. सुरुवातीला हात खाली आणि नजर पडद्यावर ठेवणे तिला अवघड गेले, पण नंतर ते अंगवळणी पडले. तेव्हा लहान आकाराने काम भागेल, असे वाटते.

पॅकेजिंग डिझाइन विभाग, अंबड

मी अनेक वर्षे पेन टॅब्लेटवरच काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. बॅटरी नसलेला पेन घ्यावा, या मताशी मी सहमत आहे. दाबाच्या पातळ्यांचा मुद्दा मात्र नवशिक्यासाठी फारसा महत्त्वाचा नाही. २०४८ आणि ८१९२ यांतला फरक पहिल्या वर्षाच्या कामात डोळ्यांना दिसत नाही. हलक्यात हलक्या स्पर्शाला पेन रेषा उमटवू लागतो की नाही, हा फरक मात्र हाताला लगेच जाणवतो, आणि तो आकड्यावरून कळत नाही.

माझ्या मते निर्णय आकारावर घ्यावा. लहान ‘वन बाय वॅकॉम’चे काम करण्याचे क्षेत्र १५२ गुणिले ९५ मिलिमीटर आहे, तर मध्यम आकाराचे २१६ गुणिले १३५. आपल्या भाचीच्या लॅपटॉपचा पडदा सुमारे ३४५ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे लहान टॅब्लेटवर हात एक सेंटिमीटर सरकला, की पडद्यावरची रेषा सव्वादोन सेंटिमीटरहून थोडी अधिक सरकते. मध्यम टॅब्लेटवर ती सुमारे १.६ सेंटिमीटर सरकते. हाताचा प्रत्येक कंप त्याच पटीत मोठा होतो. शिकवणीतल्या अंकांना याने काही बिघडत नाही, पण जी मुलगी कागदावर कोपरापासून हात फिरवून लांब रेषा ओढायला शिकली आहे, तिला लहान टॅब्लेटवर केवळ मनगटातून रेषा काढावी लागेल. रेषा थरथरते ती याच कारणाने, आणि मुलींना वाटते की आपला हातच बिघडला.

हे खरेदीआधी घरी पडताळून पाहता येते. ए-फोर कागद एकदा दुमडला की मध्यम टॅब्लेटच्या जवळपास क्षेत्र मिळते, आणि दोनदा दुमडला की लहानाच्या जवळपास. तो लॅपटॉपसमोर ठेवून, नजर पडद्यावर रोखून त्यावर पेन्सिलने वर्तुळे आणि लांब वक्ररेषा काढायला सांगावे. हात कागदाबाहेर जाऊ लागला, तर लहान आकार तिच्यासाठी नाही. टॅब्लेटचे बाहेरचे माप क्षेत्रापेक्षा बरेच मोठे असते, म्हणून मध्यम आकाराचा टॅब्लेट रोजच्या पिशवीत बसतो का, हेही पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट खरेदीनंतरची आहे. या टॅब्लेटचे क्षेत्र सोळास दहा प्रमाणात असते, तर बहुतेक लॅपटॉपचे पडदे सोळास नऊ. आहे तसेच जोडले, तर हाताने अचूक काढलेले वर्तुळ पडद्यावर सुमारे ११ टक्के अधिक रुंद, म्हणजे चपटे दिसते. वॅकॉमच्या सेटिंगमध्ये `Force Proportions` हा पर्याय निवडला की हा दोष जातो. त्या बदल्यात लहान टॅब्लेटवर सुमारे एक सेंटिमीटरची पट्टी निरुपयोगी होते. व्यक्तिचित्राचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने हा पर्याय पहिल्याच दिवशी निवडावा, नाहीतर हाताला चुकीच्या प्रमाणाची सवय लागते आणि ती मोडायला वेळ जातो.

गुणवत्ता विभाग

मी माझ्या मुलासाठी सॅमसंगचा एस-सिक्स लाइट टॅब घेतला. त्यासोबत एस-पेन मिळतो, व्याख्यानेही पाहता येतात, पुस्तकेही वाचता येतात. माझ्या मते विद्यार्थ्याला एकच वस्तू सर्व कामांना उपयोगी पडावी. दुसरा साधा टॅब घेऊन त्यावर बाजारातला रबरी टोकाचा पेन वापरला तरी चालेल.

पॅकेजिंग डिझाइन विभाग, अंबड

सर, एस-पेन दाब ओळखतो, त्यामुळे आपला टॅब चित्रांसाठी नक्कीच उपयोगी आहे, मात्र त्याची किंमत मॅडमनी सांगितलेल्या मर्यादेत बसणार नाही. रबरी टोकाचा पेन मात्र कृपया सुचवू नये. त्याचा स्पर्श आणि बोटाचा स्पर्श टॅबला सारखाच असतो, म्हणून जोर दिल्याने रेषा जाड होत नाही, आणि तळहात टेकला की भलतीकडेच ठिपके उमटतात.

मनुष्यबळ विभाग

मी स्वतः कलाशाखेची पदवीधर आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्या अनुभवात पहिल्या वर्षाचे बहुतांश काम कागदावरच झाले. गोदाघाटावर बसून केलेली जलद रेखाटने मला जे शिकवून गेली, ते टॅब्लेटने शिकवले नसते. शक्य असल्यास एक वर्ष थांबावे, आणि मग थोडी रक्कम साठवून पडदा असलेला पेन डिस्प्लेच घ्यावा. त्यात नजर आणि हात एकाच जागी राहतात.

माहिती तंत्रज्ञान विभाग

ताई, पेन डिस्प्लेबद्दलचे आपले म्हणणे योग्य आहे, पण त्यावर तासन्‌तास मान खाली घालून बसावे लागते. पडदा नसलेल्या टॅब्लेटवर मान सरळ राहते. मला तरी हा लाभ मोठा वाटतो.

खरेदी विभाग, सातपूर

सर्वांचे आभार. काल भाचीने दुमडलेल्या कागदावर प्रयोग करून पाहिला. लहान कागदावर तिचा हात वारंवार बाहेर जात होता, मोठ्यावर मात्र तिने वर्तुळे सहज काढली. त्यामुळे मध्यम आकार निश्चित केला आहे. एक वर्ष थांबावे की आताच घ्यावा, यावर घरात अजून एकमत नाही. तिला आताच हवा आहे आणि तिच्या वडिलांना मनुष्यबळ विभागातील ताईंचे म्हणणे पटले आहे. महात्मा गांधी रस्त्यावर दुकानात जाऊन प्रत्यक्ष पाहणार आहोत. तिथे काय तपासावे, आणि डाव्या हातासाठी काही वेगळे लागेल का?

पॅकेजिंग डिझाइन विभाग, अंबड

डावखुऱ्यांसाठी वेगळा टॅब्लेट लागत नाही. कडेला बटणे असलेला टॅब्लेट घेतला, तर ती उजव्या हाताखाली येतील अशा रीतीने तो उलटा फिरवून ठेवावा आणि सेटिंगमध्ये दिशा १८० अंशांनी बदलावी.

शक्य असल्यास लॅपटॉप सोबत न्यावा आणि त्यात क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर आधीच टाकून ठेवावे. टॅब्लेट जोडून कंपनीचा ड्रायव्हर टाकल्यावर अगदी हलक्या हाताने सुरू करून हळूहळू जोर वाढवत एक रेषा काढावी. रेषा एकसारख्याच जाडीची आली, तर टॅब्लेट सदोष आहे असे लगेच समजू नये. क्रिटाच्या `Tablet Settings` मध्ये `WinTab` आणि `Windows Ink` असे दोन पर्याय आहेत. जो निवडलेला असेल तो बदलून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करावे. त्यानंतरही जाडी बदलली नाही, तर दुसरा नग मागावा.

पेन्सिलची सवय असलेली मुले पेन फार दाबतात. त्यामुळे पेनचे टोक लवकर झिजून धारदार होते आणि टॅब्लेटच्या पृष्ठभागावर ओरखडे उठतात. कमी जोरात गडद रेषा येईल अशा बेताने दाबाची सेटिंग मऊ करून द्यावी, आणि डब्यात जादा टोके आहेत का, हे दुकानातच उघडून पाहावे.