मदत हवी आहे : छोट्या पोस्टमधून येणारे लोक खेळण्याच्या पानावरून लगेच का परततात?

मी हाताने लाकडी खेळणी बनवतो आणि ती एका ऑनलाइन बाजारपेठेवर विकतो. दोरीने ओढायच्या बदकासाठी मी दोन प्रकारच्या छोट्या पोस्ट टाकतो, आणि दोन्हींत दुकानाच्या मुख्य पानाऐवजी थेट त्या बदकाच्याच पानाची लिंक असते. चालताना बदकाचे पंख हलतात असा काही सेकंदांचा व्हिडिओ टाकला की भेटी पुष्कळ वाढतात, पण जवळजवळ कोणीच ते कार्टमध्ये टाकत नाही. याउलट घासून गोल केलेल्या कडा, मेणाचा लेप आणि बाळाच्या मुठीत मावणारी दोरीची गोटी यांविषयी दोन वाक्ये लिहिली की भेटी कमी येतात, पण त्यांतूनच ऑर्डर मिळतात.

माझा अंदाज असा आहे की व्हिडिओ पाहून आलेल्याला हालचाल पाहायची असते आणि पानावरचा पहिला फोटो मात्र स्थिर बदकाचा आहे. बाजारपेठेच्या आकडेवारीत दोन्ही पोस्टच्या भेटी ‘सोशल मीडिया’ या एकाच नावाखाली येत असल्याने, त्या वेगळ्या मोजता याव्यात म्हणून मी त्या वेगवेगळ्या आठवड्यांत टाकतो.

पहिला फोटो बदलावा, की व्हिडिओखालीच वयोगट, माप आणि लेपाची माहिती लिहून केवळ खरे ग्राहक येऊ द्यावेत? दोन्ही बदल एकदम केल्यास कशाचा परिणाम झाला हे कळणार नाही, म्हणून आधी कोणता करावा हे अनुभवी विक्रेत्यांनी कृपया सांगावे.