तीन महिने मोफत, दरवर्षी १०% वाढ: स्ट्रेट-लाइन भाड्याची बाकी शून्यावर येत नाही, सल्ला हवा

कोरी_खतावणी

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या जागेचा ३६ महिन्यांचा करार आहे. ताबा मिळाल्यापासून पहिले ३ महिने भाडं नाही. चौथ्या महिन्यापासून दरमहा १,००,०००, तेराव्यापासून १,१०,००० आणि पंचविसाव्यापासून १,२१,०००. भाडेखर्च स्ट्रेट-लाइनने दाखवायचा हे आमच्याकडे ठरलेलं आहे, त्याबद्दल वाद नाही.

मी शीटमध्ये दर महिन्याचं भाडं लिहिलं आणि सरासरी काढली. ती आली १,११,२७२.७३. हाच आकडा ३६ महिने खर्चाला टाकला आणि प्रत्यक्ष भाड्यातला फरक रेंट इक्वलायझेशन खात्यात नेला. छत्तिसाव्या महिन्याअखेर ते खातं शून्य व्हायला हवं, पण ३,३३,८१८ जमा बाकी उरते. दोन दिवस बेरजा तपासतोय, भाड्याच्या आकड्यांत चूक नाही. ही बाकी शेवटच्या महिन्यात एकरकमी उलटवून टाकली तर चालेल का? आणि असं शीट तुम्ही कसं मांडता, तेही सांगा.

वर्षअखेर

एकरकमी उलटवू नका, ऑडिटर पहिला प्रश्न त्यावरच विचारतील. माझ्या मते तुमची सरासरीच चुकीच्या जागी लागली आहे. मोफत महिने पहिल्या वर्षातले आहेत, तर त्यांचा फायदा पहिल्या वर्षालाच द्यायचा. वर्षाचं भाडं ९,००,०००, भागिले १२, म्हणजे महिना ७५,०००. दुसऱ्या वर्षी १,१०,००० आणि तिसऱ्या वर्षी १,२१,००० जसंच्या तसं. असं केलं की दर वर्षाच्या अखेरीस बाकी आपोआप शून्य. आम्ही कित्येक वर्षं असंच करतो.

जमा_नावे

खतावणी, तुमची बाकी ३,३३,८१८ आणि तुमची सरासरी १,११,२७२.७३. एकाला दुसऱ्याने भागून पाहा, बरोबर ३ येतात. तीन महिने मोफत आणि बाकीही तीन महिन्यांची, हा योगायोग नाही. तुम्ही मोफत महिन्यांचे रकाने रिकामे ठेवून `AVERAGE` लावलं असणार. ते सूत्र रिकामे रकाने मोजतच नाही, शून्य लिहिलेलं असेल तरच मोजतं. त्यामुळे भागाकार ३६ ने न होता ३३ ने झाला आणि खर्च मात्र ३६ वेळा पडला.

मोफत तीन रकान्यांत 0 लिहा, किंवा त्याहून बरं म्हणजे सरासरीचं सूत्रच काढून टाका:

```
=SUM(C2:C37)/ROWS(C2:C37)
```

आता हिशेब पाहा. पहिल्या वर्षी ९ महिन्यांचे ९,००,०००, दुसऱ्या वर्षी १३,२०,०००, तिसऱ्या वर्षी १४,५२,०००. एकूण ३६,७२,०००. भागिले ३६, म्हणजे दरमहा १,०२,०००. हा तुमचा खर्च, पहिल्या महिन्यापासून छत्तिसाव्यापर्यंत एकच.

कोरी_खतावणी

ताई, अगदी तेच झालं होतं! तीन रकाने रिकामे होते. शून्य टाकताच १,०२,००० आले आणि शेवटची बाकी शून्य झाली. दोन दिवस मी भाड्याचे आकडे तपासत बसलो, महिने मोजलेच नाहीत. मनापासून आभार.

पण आता वर्षअखेर यांच्या पद्धतीनेही बाकी शून्य येते आणि तुमच्याही. मग बरोबर कोणती हे कशावरून ठरवायचं?

जमा_नावे

बाकी शून्य होणं ही फक्त अंकगणिताची तपासणी आहे. पद्धत चुकीची असली तरी ती पार होऊ शकते. तुम्ही ३३ महिन्यांत १,११,२७२.७३ टाकून पहिले तीन महिने कोरे ठेवले असते तरी शेवटी शून्यच आलं असतं.

वर्षअखेर यांचं निम्मं मला पटतं: मोफत महिन्यांनाही खर्च हवा, ते कोरे राहता कामा नयेत. पण तीन महिन्यांची सूट मालकाने पहिल्या वर्षासाठी दिलेली नसते, ती सबंध ३६ महिन्यांच्या सौद्याचा भाग असते. उद्या तुम्ही म्हणालात की मला फक्त एकच वर्ष हवंय, तर तो तीन महिने मोफत देईल का? वाढीचंही तसंच. १०% आज सही करतानाच ठरलेली आहे. जागा तीच, चौरस फूट तेवढेच, वापरही तेवढाच. मग पहिल्या वर्षी ७५,००० आणि तिसऱ्या वर्षी १,२१,००० खर्च दाखवला, तर वाचणाऱ्याला वाटेल जागेचा खर्च दीडपटीहून वाढला. प्रत्यक्षात फक्त पैसे देण्याचं वेळापत्रक तसं आहे.

नोंदी कशा पडतात ते सांगते, म्हणजे खात्याची चाल डोळ्यांसमोर येईल. पहिले तीन महिने भाडेखर्च नावे १,०२,००० आणि इक्वलायझेशन जमा १,०२,०००, बँकेचा संबंधच नाही. तिसऱ्या महिन्याअखेर बाकी ३,०६,०००. चौथ्यापासून खर्च तोच, बँकेतून १,००,००० जातात, म्हणून खात्यात दरमहा २,००० ची भर. वर्षअखेरीस ३,२४,०००, आणि हाच सगळ्यात वरचा आकडा. तेराव्या महिन्यात दिशा बदलते: बँकेतून १,१०,००० गेले, खर्च १,०२,०००, म्हणून खातं ८,००० ने नावे. दुसऱ्या वर्षाअखेर २,२८,०००. तिसऱ्या वर्षी दरमहा १९,००० उतरतात आणि बारा महिन्यांत बाकी संपते.

शीटमध्ये मी चारच स्तंभ ठेवते: महिना, दिलेलं भाडं, खर्च, बाकी. आणि शेवटच्या शून्यासोबत आणखी एक गोष्ट बघते. बाकी कुठल्या महिन्यात वळली? जिथे प्रत्यक्ष भाडं सरासरीच्या वर गेलं त्याच महिन्यात ती वळायला हवी. दुसरीकडे कुठे वळली तर वाढीची तारीख चुकीच्या ओळीत पडली आहे.

वर्षअखेर

"एकच वर्ष हवंय म्हटलं तर तीन महिने देईल का" हे वाचून थांबलो. नाही देणार, खरं आहे. आमचे करार मोफत महिन्यांचे नव्हतेच, फक्त वाढीचे होते, आणि वाढही मी वर्षावर्षाने धरत आलो. म्हणजे तेही चुकलंच म्हणायचं. जुन्या करारांची यादी काढतो.

चावी_माझ्याकडे

माझी भानगड जरा वेगळी आहे. करारात लिहिलंय "३६ महिने, भाडे सुरू झाल्यापासून". ताबा मात्र दोन महिने आधी मिळाला, कारण आम्हाला पार्टिशन आणि वायरिंग करून घ्यायचं होतं. त्या दोन महिन्यांचं भाडं नाही. सिनियर म्हणाले, काम चालू होतं, धंदा सुरू नव्हता, मग खर्च कशाला? मी ३६ ने भागलंय. बरोबर ना?

जमा_नावे

नाही, ३८ ने भागा. चावी तुमच्याकडे आली आणि जागेत कोण शिरेल हे तुम्ही ठरवायला लागलात, तिथून वापर सुरू. पार्टिशन उभं करणं हाही जागेचा वापरच आहे. करारात त्या काळाला "मोफत महिने" म्हटलंय की "फिट-आउट" म्हटलंय, याने फरक पडत नाही. ताब्याची पावती किंवा चावी दिल्याची ईमेल फाइलला लावून ठेवा. पुढे तारखेवर वाद होतो तो नेमका इथे.

नवा_नियम

मला एक कळत नाही, तुम्ही सगळे अजून स्ट्रेट-लाइन का करताय? आयएफआरएस १६ आल्यापासून ती पद्धत गेली ना?

जमा_नावे

सगळीकडून नाही. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १६ मध्ये भाडेकरूचे बहुतेक करार ताळेबंदावर मालमत्ता आणि देणं म्हणून येतात आणि खर्च घसारा अधिक व्याज असा पडतो, सुरुवातीला जास्त. पण १२ महिन्यांपर्यंतचे करार आणि किरकोळ किमतीच्या वस्तूंचे करार यांना सूट घेता येते, तिथे स्ट्रेट-लाइन आहे. मालकाच्या बाजूने ऑपरेटिंग लीजचं उत्पन्नही साधारणपणे तसंच धरतात. अमेरिकेच्या एएससी ८४२ मध्ये तर ऑपरेटिंग लीजचा भाडेकरूचा खर्च आजही स्ट्रेट-लाइनच आहे. फक्त इक्वलायझेशनचं वेगळं खातं तिथे दिसत नाही, तो फरक वापर-हक्काच्या मालमत्तेतून वजा होऊन बसतो. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाअखेर मालमत्ता देण्यापेक्षा ३,२४,००० ने कमी दिसेल. खतावणींनी धोरण आधीच सांगितलंय, म्हणून मी त्यात शिरले नव्हते.

निळी_टिक

मी ऑडिटच्या बाजूला असतो. सगळ्यांनी ३६ महिने गृहीत धरलेत, पण लॉक-इन कुणी विचारलंच नाही. खतावणी, तुम्हाला मधेच सोडता येतं का?

कोरी_खतावणी

हो, लॉक-इन २४ महिन्यांचं आहे. त्यानंतर आम्ही ३ महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो. मालकाला मात्र ३६ महिने आम्हाला काढता येत नाही.

निळी_टिक

मग माझ्या दृष्टीने मुदत २४. त्या काळाचं भाडं ९,००,००० अधिक १३,२०,०००, म्हणजे २२,२०,०००, भागिले २४, दरमहा ९२,५००. राहिलातच तर तिसऱ्या वर्षी १,२१,०००. ज्या भाड्याचं बंधनच नाही, ते आज खर्चात कसं धरणार?

जमा_नावे

दोन गोष्टी. आधी कलम नीट वाचा. नोटीस लॉक-इन संपण्याआधी देता येते की संपल्यावरच? संपल्यावरच देता येत असेल तर बंधन २७ महिन्यांचं होतं, कारण नोटिशीच्या तीन महिन्यांचंही भाडं द्यावंच लागेल.

दुसरी गोष्ट, नुसतं बंधन बघून मुदत ठरत नाही. पुढे राहणार हे सुरुवातीलाच पुरेसं निश्चित असेल तर तेही महिने मोजायचे. आतल्या कामावर किती खर्च केलात? ते काम ३६ महिने टिकेल म्हणून केलं असेल आणि चोविसाव्या महिन्यात सोडून जाणं तोट्याचं असेल, तर मी ३६ च धरीन.

निळी_टिक

मला "तोट्याचं" एवढ्यावर पटत नाही. राहण्याचा इरादा आणि राहण्यावाचून इलाज नसणं, यात फरक आहे. माझ्यासमोर ३६ आले तर मी कागद मागेन: कामाचा खर्च, त्याचं आयुष्य म्हणून किती महिने धरले आणि दुसरी तशी जागा मिळण्याची अडचण. सजावटीचं घसाऱ्याचं आयुष्य एका फाइलमध्ये ३६ आणि भाड्याची मुदत दुसऱ्या फाइलमध्ये २४ असं दिसलं, तर दोन्ही प्रश्नात येतात.

जमा_नावे

या शेवटच्या वाक्यावर आपलं एकमत आहे. दोन्हीकडे मुदत जुळलीच पाहिजे.

कोरी_खतावणी

आता बघितलं. सजावट आम्ही ६० महिन्यांत उतरवतोय! तिथे ३६ सुद्धा नाहीत. नोटिशीच्या कलमात "लॉक-इन कालावधी संपल्यानंतर भाडेकरूस नोटीस देता येईल" असं आहे, म्हणजे ताई म्हणतात तसे कमीत कमी २७. एकूण २५,८३,००० भागिले २७, दरमहा ९५,६६७ च्या आसपास. उद्या कामाच्या खर्चाची बिलं काढतो आणि दोन शीट करतो, एक २७ चं, एक ३६ चं. साहेबांना विचारतो की करार करताना पुढच्या वर्षाबद्दल काय ठरलं होतं. उत्तर आलं की इथेच लिहीन.