फ्लोचार्टचा फोटो आणि "याचा प्रोग्राम करून दे" एवढंच: आधी विचारावं की आधी लिहावं?

निफाडची_पोर: मामांचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. त्यांनी वहीच्या पानावर पेनाने काढलेल्या फ्लोचार्टचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "याचा प्रोग्राम करून दे." बस्स. चित्र असं आहे: सुरू, मग "एक्सपोर्ट = ०, लोकल = ०", मग "ब्रिक्स घ्या", म्हणजे रसाच्या गोडीचा आकडा, मग डायमंड "१६ पेक्षा जास्त?". 'नाही'चा बाण "बाजूला ठेवा" या चौकोनात जातो आणि तिथेच संपतो. 'हो' असेल तर दुसरा डायमंड, त्यात फक्त "मणी १८", म्हणजे मण्याचा व्यास मिमीमध्ये. तिथून एक्सपोर्ट +१ किंवा लोकल +१, मग "क्रेट संपल्या?". 'नाही'चा बाण वर जातो आणि "एक्सपोर्ट = ०" च्या चौकोनाला टेकतो. 'हो' म्हटलं की छापा, शेवट. मी प्रश्न विचारत बसू, की जसं आहे तसं लिहून देऊ?

सातपूर_शिफ्ट: जसं आहे तसं लिही. माणसाने विचार करून काढलंय, धंदा त्याचा आहे. आपण आपल्या डोक्याने बदल केले आणि उद्या आकडा चुकला तर दोष आपल्या माथी. हंगामात पॅकहाऊसवाल्याला फोनवर बोलायला दोन मिनिटं नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाच प्रश्नांची यादी पाठवलीस तर उत्तर एप्रिलमध्ये येईल.

गोदाकाठ: दादा, जसं आहे तसं लिहिलं तर काय होतं ते आधी हाताने चालवून बघा. तीन क्रेट धरू. पहिली 17.2 ब्रिक्स, मणी 19. दुसरी 16.8, मणी 17. तिसरी 18, मणी 18.5. पहिली एक्सपोर्टमध्ये गेली, आकडा 1 झाला. "संपल्या?" नाही. बाण थेट शून्याच्या चौकोनावर, म्हणजे दोन्ही आकडे पुन्हा 0. दुसरी लोकल 1, पुन्हा शून्य. तिसरी एक्सपोर्ट 1, आता संपल्या, छापा. उत्तर येतं एक्सपोर्ट 1, लोकल 0. खरं उत्तर एक्सपोर्ट 2, लोकल 1. दिवसभर कितीही क्रेट घातल्या तरी हा प्रोग्राम फक्त शेवटची क्रेट मोजणार, आणि कुठेही एरर दाखवणार नाही. मामांना हे हवंय असं तुम्हीही म्हणणार नाही.

हाताने काढलेल्या चित्रात सगळ्यात जास्त घोळ याच जागी होतो. वर जाणारा बाण काढताना माणूस कडेने रेघ नेतो आणि जागा मिळेल तिथे टेकवतो. त्याच्या मनात "परत सुरुवातीला" एवढंच असतं. सुरुवात म्हणजे शून्य करण्याआधी की नंतर, हा प्रश्न कागदावर पडतच नाही.

डिप्लोमा_सर: मी पॉलिटेक्निकच्या मुलांना हेच शिकवतो. चौकोनाला एक ओळ, समांतरभुज चौकोनाला इनपुट किंवा प्रिंट, डायमंडला `if`. एकामागे एक लिहीत जा, कोड तयार होतो. फक्त एक अडचण आहे. वर जाणारा बाण म्हणजे `goto`, आणि पायथनमध्ये तो नाही. म्हणून असं चित्र आलं की C घ्यावं, तिथे `goto` मिळतं.

गोदाकाठ: सर, पहिला भाग बरोबर, पण प्रत्येक डायमंड `if` नसतो. डायमंडमधून निघालेला बाण आधी होऊन गेलेल्या चौकोनाकडे परत जात असेल, तर तो डायमंड लूपची अट असतो. इथे "मणी १८" हा `if` आहे आणि "क्रेट संपल्या?" हा लूपचा शेवट. हा फरक ओळखला की C कडे जायची गरज उरत नाही. कोणताही फ्लोचार्ट क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तिघांत बसवता येतो, हे बोहम आणि जाकोपिनी यांनी 1966 मध्येच सिद्ध केलंय. कधी कधी एखादा जादा व्हेरिएबल लागतो, इतकंच. या चित्राला तोही लागत नाही.

निफाडची_पोर: मग कोड लिहायच्या आधी नेमकं काय करू? फोटो समोर ठेवून सरळ टाइप करायला घेतलं की माझा बाण कुठे गेला तेच हरवतं.

गोदाकाठ: ताई, फोटो बाजूला ठेव आणि आधी त्याचं टाचण कर. प्रत्येक आकृतीला नंबर दे आणि समोर लिही की इथून कुठे. डायमंडला दोन जागा, 'हो' कुठे आणि 'नाही' कुठे. बाकी प्रत्येकाला एक, शेवटाला एकही नाही. टाचण पूर्ण झालं की चित्रातली भोकं आपोआप दिसतात, कारण एखाद्या नंबरसमोरची जागा कोरी राहते. तुझ्या चित्रात "बाजूला ठेवा" समोर काहीच लिहिता येणार नाही. म्हणजे पहिली आंबट क्रेट आली की प्रोग्राम तिथेच थांबणार, काहीही न छापता.

आता तो बाण कुठे न्यायचा? घाईत कोणीही "ब्रिक्स घ्या" कडे नेईल. तसं केलं आणि दिवसाची शेवटची क्रेट आंबट निघाली, तर प्रोग्राम "संपल्या?" विचारणारच नाही, आणखी एक क्रेट मागत बसेल. म्हणून तो बाण "क्रेट संपल्या?" लाच जायला हवा. तिन्ही वाटा तिथे एकत्र आल्या पाहिजेत.

```python
export = local = baju = 0
while True:
    brix = float(input("ब्रिक्स: "))
    if brix > 16:
        mani = float(input("मणी, मिमी: "))
        if mani >= 18:
            export += 1
        else:
            local += 1
    else:
        baju += 1
    if input("क्रेट संपल्या का? हो/नाही: ").strip() == "हो":
        break
print("एक्सपोर्ट", export, "लोकल", local, "बाजूला", baju)
```

शून्याची ओळ `while` च्या वर आहे, तोच बाणाचा निकाल. वरच्या तीन क्रेट घालून बघ, 2, 1, 0 यायला हवेत.

सातपूर_शिफ्ट: बघा, हेच मी म्हणत होतो. `baju` ची मोजणी चित्रात कुठे आहे? मामांनी दोनच आकडे मागितले. तुम्ही तिसरा घातला. आज एक मोजणी, उद्या तारीख, परवा शेतकऱ्याचं नाव.

गोदाकाठ: ही हरकत मान्य आहे. ती ओळ काढून तिथे `pass` लिहिलं तरी चालेल. मी ठेवली कारण तिन्हींची बेरीज आलेल्या क्रेटइतकी झाली की नाही हे ताळा करून बघता येतं. पण तो माझा निर्णय आहे, मामांचा नाही, हे त्यांना सांगितलंच पाहिजे.

अंबड_मेंटेनन्स: आमच्या लाइनवर सॉर्टिंगला पीएलसी आहे, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर. असं चित्र आलं की मी सरळ त्याच्या लॅडर प्रोग्राममध्ये बसवतो. सेन्सरचा सिग्नल आला, कॉइल चालू, काउंटर वाढला. तुम्ही पायथनमध्ये कशाला अडकलात? लोडसेल आणि कन्व्हेअर असेल तर रिले लागेल.

निफाडची_पोर: दादा, कन्व्हेअर वगैरे काही नाही. एक बाई ब्रिक्स मीटरवर रसाचा थेंब टाकून आकडा वाचते आणि दुसरी मोबाइलवर लिहिते.

अंबड_मेंटेनन्स: अच्छा, मग गोष्ट वेगळी. तरी एक सांगतो. आमच्याकडे काउंटरचा रिसेट लॅडरच्या चुकीच्या पायरीला लागला होता, तेव्हा लक्षण अगदी हेच होतं. आकडा 1 च्या पुढे जात नव्हता.

चौकट_कोड: आकड्यांचं कोणी बोललं नाही. मामांनी देवनागरीत लिहिलंय. घाईत काढलेला १ फोटोत इंग्रजी 9 सारखा दिसतो. "१६" चं 96 वाचलं तर सगळा माल बाजूला जाईल. इथे ब्रिक्स 96 असूच शकत नाही म्हणून पकडता येतं, पण पैशाच्या हिशोबात पकडता आलं नसतं. आणि मोबाइलवर लिहिणारी बाई १७.२ असं देवनागरीत टाइप करेल. पायथनचं `float` ते बरोबर घेतं. हेच जावास्क्रिप्टमध्ये केलं तर `Number("१७.२")` चं उत्तर `NaN` येतं, आणि `NaN > 16` खोटं असल्यामुळे प्रत्येक क्रेट गुपचूप बाजूला पडते. वेब पेज करणार असशील तर आधी अंक बदलून घे.

दिंडोरी_पॅकिंग: मी पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. कोडचं मला कळत नाही, पण आमच्याकडे प्रत्येक क्रेटचा ब्रिक्स कोणी घेत नाही. एका बागेच्या मालातून वेगवेगळ्या घडांचे मणी काढून नमुना बघतात आणि त्या पूर्ण लॉटचा निर्णय होतो. मणी मात्र घडाघडाला बघतात, तेही एका घडात सगळे सारखे नसतात. "मणी १८" म्हणजे सगळ्यात लहान मणी की सरासरी? मुलीने मामांना हे विचारलंच पाहिजे.

सातपूर_शिफ्ट: झालं, प्रश्नांची यादी सुरू. एवढं विचारलं तर मामा म्हणतील राहू दे, वहीच बरी.

गोदाकाठ: सगळं विचारू नये, इथे मी सातपूरवाल्या दादांच्या बाजूने आहे. ज्या प्रश्नाच्या उत्तराने छापलेला आकडा बदलतो तेवढाच विचारायचा. बाण कुठे टेकतो हे विचारायची गरज नाही, कारण दुसरा अर्थ निरुपयोगी आहे. तो दुरुस्त करून "मी असं धरलंय" एवढं कळवायचं. "बाजूला ठेवा" चंही तसंच. पण नेमक्या 16 ची क्रेट कुठे जाते याची एकदा खात्री करून घ्यावी, आणि 18 चा मणी एक्सपोर्ट की लोकल, हे तर चित्रावरून ठरतच नाही. मी `brix > 16` लिहिलं कारण "पेक्षा जास्त" असं स्पष्ट लिहिलंय. `mani >= 18` हा माझा अंदाज आहे. नेमक्या 16 आणि 18 चे आकडे वाचताना वारंवार येतील, म्हणून हे दोनच प्रश्न. आणि सोबत चालणारा प्रोग्राम पाठव. प्रोग्राम समोर चालताना दिसला की माणूस लगेच सांगतो, "हे असं नाही."

डिप्लोमा_सर: दुरुस्त करून कळवणं मला पटत नाही. परीक्षेत मुलाने चित्र बदलून कोड लिहिला तर मी गुण कापतो. आधी चित्र दुरुस्त करून घ्यावं, मालकाची संमती घ्यावी, मग कोड. नाहीतर वहीत एक आणि मोबाइलमध्ये दुसरंच राहतं, आणि पुढच्या हंगामात नवीन मुलगा वही बघून शिकतो.

निफाडची_पोर: प्रोग्राम आणि दोन प्रश्न पाठवले होते. मामांचा व्हॉइस मेसेज आला. बाण ब्रिक्सकडेच न्यायचा होता, शून्याकडे नाही. 18 चा मणी एक्सपोर्टमध्ये. आणि 16 बद्दल म्हणाले, "ते गिऱ्हाईकावर आहे, एकाला साडेसोळा लागतो." म्हणजे तो आकडा सुरुवातीलाच विचारून घ्यावा लागेल. दिंडोरीच्या ताईंचा लॉटचा प्रश्न अजून विचारला नाही.

सातपूर_शिफ्ट: तो आकडा विचारणारा चौकोन चित्रात नाही. तो घालायचा असेल तर मामांच्या हातूनच वहीत काढून घे. सरांचं इथे मला पटतं.

दिंडोरी_पॅकिंग: आणि लॉटचा प्रश्न लवकर विचार. तसं निघालं तर ब्रिक्सचा डायमंड लूपच्या बाहेर जाईल, आणि मग हे सगळं पुन्हा मांडावं लागेल.