दिवस घटले, मग पैसा कुठे गेला?

सुटेभाग:
आमचा सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी माल ६० दिवस पडून असायचा, वसुलीला ४५ दिवस लागायचे आणि पुरवठादारांना आम्ही ३० दिवसांत पैसे द्यायचो. म्हणजे पैसा धंद्यात अडकून राहण्याचं चक्र ७५ दिवसांचं. आता माल ६५, वसुली ४५, पुरवठादार ५५. चक्र ५५ वर आलं. हिशेबनीस खूश आहे. विक्रीही ४० टक्के वाढली. तरी पगाराच्या दिवशी ओव्हरड्राफ्ट पूर्वीपेक्षा जास्त ओढावा लागतो. भागीदार म्हणतो, पुरवठादारांना ७० दिवसांवर नेऊ. ऐकू का त्याचं?

रोखठोक:
ऐकाच. पुरवठादाराची उधारी म्हणजे बिनव्याजी कर्ज. डेलने संगणकांच्या धंद्यात हेच केलं. गिऱ्हाइकाचे पैसे आधी हातात, सुट्या भागांचे पैसे नंतर. चक्र शून्याच्या खाली. तुम्ही ५५ वर का थांबलात तेच कळत नाही.

खातेवही:
रोखठोक, डेलचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. ते ऑर्डर आल्यावर संगणक जोडायचे, म्हणून तयार माल जवळपास पडूनच नसायचा. तिथे खरी कमाल साठ्याच्या दिवसांत होती. यांच्याकडे माल ६५ दिवस पडून आहे आणि सगळा भार पुरवठादारावर टाकलाय.

सुटेभाग, तुमचे खरे आकडे माहीत नाहीत, म्हणून सोपे धरतो. आधी रोजची विक्री २ लाख आणि विकलेल्या मालाची किंमत रोज दीड लाख होती, असं समजा. माल ६० दिवस म्हणजे ९० लाख अडकले. येणी ४५ दिवस, पण ती विक्रीच्या भावाने, म्हणून तीही ९० लाख. देणी ३० दिवस म्हणजे ४५ लाख. धंद्यात अडकलेला पैसा १३५ लाख.

त्याच विक्रीवर आजचे दिवस लावले तर माल साडेसत्त्याण्णव, येणी ९०, देणी साडेब्याऐंशी. अडकलेले १०५ लाख. ३० लाख सुटले, हे खरंच आहे. पण ते एकदाच सुटतात. पुढच्या वर्षी तेच ५५ दिवस पाळलेत तर नवा पैसा एकही येत नाही.

आता विक्री ४० टक्के वाढवा. रोज २ लाख ८० हजारांची विक्री, मालाची किंमत २ लाख १० हजार. माल एक कोटी साडेछत्तीस लाख, येणी १२६ लाख, देणी एक कोटी साडेपंधरा लाख. अडकले १४७ लाख. म्हणजे चक्र वीस दिवसांनी घटलं आणि अडकलेला पैसा मात्र १२ लाखांनी वाढला. दिवस हे प्रमाण आहे. बँकेला रक्कम दिसते.

बिनधास्त_बी:
तुमचा करंट रेशो, म्हणजे वर्षभरात रोख होणारी मालमत्ता भागिले वर्षभरात चुकवायची देणी, किती आहे? दोनच्या वर न्या, बँक मर्यादा वाढवून देईल. आमच्याकडे तसंच झालं.

खातेवही:
गोदामातला न खपणारा मालही त्यात धरला जातो, म्हणून करंट रेशो उगाच चांगला दिसू शकतो. प्रश्न बँकेला काय आवडतं याचा नाही.

कच्चामाल:
मी त्या ५५ दिवसांच्या पलीकडच्या टोकाला बसलेला माणूस. माझी दोन गिऱ्हाइकं अशीच ३० वरून ५५ वर गेली. मी भांडलो नाही. पुढच्या दरपत्रकात २ टक्के चढवले आणि त्यांचा माल वेळेवर पैसे देणाऱ्यांच्या नंतर पाठवायला लागलो. सुटेभाग, तुमचा साठा ६० वरून ६५ झाला म्हणता. तो आपोआप वाढला, की माल वेळेवर येईना म्हणून तुम्ही जास्त भरून ठेवायला लागलात?

२५ दिवसांच्या जादा उधारीसाठी २ टक्के म्हणजे वर्षाला साधारण २९ टक्के पडतात. बिनव्याजी कसलं?

रोखठोक:
मान्य, पण सगळे पुरवठादार दर चढवू शकत नाहीत. आणि बँक पैसे देतच नसेल तर महाग उधारीसुद्धा उधारीच. ती नसती तर ४० टक्के वाढ झाली असती का?

कच्चामाल:
झाली नसती कदाचित. पण मग तिला तुमच्या खर्चात मोजा, हिशेबनिसाच्या कौतुकात नको.

पैपैचा_हिशेब:
खातेवही, एक राहिलं. १२ लाख जास्त अडकले हे ठीक, पण दोन वर्षांचा नफा कुठे गेला? वाढलेल्या विक्रीवर १२ लाख भागायला हवे होते. नुसत्या चक्राने ओव्हरड्राफ्टचा उलगडा होत नाही.

खातेवही:
बरोबर बोललात, मी ते सोडून दिलं. सुटेभाग, या दोन वर्षांत मशीन वगैरे घेतलंत का?

सुटेभाग:
घेतलं. ओव्हरड्राफ्टमधूनच, कारण तेव्हा खात्यात पैसा दिसत होता. आणि हो, माल मी मुद्दामच जास्त भरून ठेवायला लागलो. एक पुरवठादार दोनदा उशिरा आला होता.

खातेवही:
म्हणजे एकदाच सुटलेल्या पैशाचं मशीन झालं आणि विक्री वाढल्यावर तो पैसा परत लागला. लांब मुदतीची वस्तू रोज फिरणाऱ्या पैशातून घेतली की हेच होतं. मशीनसाठी मुदतीचं कर्ज घेऊन ओव्हरड्राफ्ट मोकळा करता येतो का, बँकेला विचारा.

आणखी एक. ५५ हा आकडा कसा काढलाय? वर्षअखेरची देणी भागिले वर्षाची सरासरी, असंच असेल तर वाढत्या धंद्यात तो फुगतो. समजा देणी ९० लाख आणि वर्षाची सरासरी खरेदी महिन्याला ५० लाख, तर ५४ दिवस येतात. पण शेवटच्या दोन महिन्यांत खरेदी दर महिन्याला ६० लाखांची झाली असेल तर मागे मोजत जा. ९० मधून ६० गेले म्हणजे ३० दिवस. उरलेले ३० हे आधीच्या महिन्याची अर्धी खरेदी, म्हणजे १५. खरे दिवस ४५. येणीही अशीच तपासा.

७० वर जायचंच असेल तर एक धोका लक्षात ठेवा. विक्री घसरली की खरेदी थांबवावी लागते आणि देण्यांचा आकडा भराभर खाली येतो, कारण जुनी बिलं चुकवायची असतात आणि नवी उधारी मिळत नाही. माल मात्र लगेच कमी होत नाही. चक्र मग सर्वांत वाईट वेळी लांबतं.

रोखठोक:
विक्री घसरली तर येणीही वसूल होऊन पैसा येतोच की.

खातेवही:
येतो, गिऱ्हाईक वेळेवर देत असेल तर. पडत्या काळात तेही ताणतातच. इथे आपलं जमणार नाही.

सुटेभाग:
रात्री बसून मागे मोजत गेलो. देणी ४७ दिवसांची निघाली, येणी ४१. भागीदार अजूनही ७० वरच आहे, म्हणतो कच्चामाल साहेबांसारखे सगळे नसतात. मालाची मोजणी अर्धी झालीय. एका गिऱ्हाइकाने डिझाईन बदललं तेव्हाचे भाग अजून दोन रॅकवर पडलेत, आणि हिशेबात ते पूर्ण किमतीने धरलेले आहेत. ते बाजूला काढले तर ६५ चे किती राहतात ते उद्या सांगतो.