लिम्फोमाच्या केमोनंतर छातीतली गाठ पेटमध्ये थोडी चमकते, परत स्कॅन कुठं करावा? बजेट १२ हजार

दिग्रसचा_शेतकरी
लहान भाऊ, वय २४, हॉजकिन लिम्फोमा. पहिल्या पेट स्कॅनमध्ये छातीच्या मधोमध ९ सेंमीची गाठ अन् मानेत गाठी होत्या. पोटात, हाडात काही नव्हतं म्हणून स्टेज दोन. एबीव्हीडी केमोच्या सहा सायकल झाल्या. आता मानेतलं सगळं गेलं, पण छातीत २.५ सेंमी उरलं, एसयूव्ही म्हणजे चमकेचा आकडा २.७. रिपोर्टात "थोडा अपटेक शिल्लक" लिहिलं आहे. डॉक्टर मंगळवारी भेटतील, तोवर माय धड जेवत नाही. नागपूर-वर्ध्याकडं १२ हजारांत परत पेट कुठं होईल?

वणीकर
पैशाकडं पाहू नका भाऊ. बाबांचा आम्ही थेट मुंबईत केला. नवी मशीन, गाठ राईएवढी असली तरी दिसते. खर्च दुप्पट झाला, पण मनाला समाधान.

रेखा_आर्वी
चमकलं म्हणजे आजार उरला. आमच्या काकूंचं असंच "थोडं" म्हणत होते, सहा महिन्यांत परत आलं. लगेच बायोप्सी करा.

पेट_टेक्निशियन_नागपूर
रेखाताई, काकूंचं वाईट वाटलं, पण चमकलं की आजार, असं नसतं. पेटमध्ये कॅन्सर दिसत नाही, साखर कुठं जास्त खाल्ली जाते ते दिसतं. हॉजकिनच्या गाठीत खरे कॅन्सरचे पेशी थोडेच असतात. बाकी सगळी सूज नि तंतू. पेशी मेले तरी तंतूंचा वण छातीत राहतो, अन् मेलेलं साफ करणाऱ्या पेशीही साखर खातात. म्हणून २.५ सेंमी उरलं यात नवल नाही.

दिग्रसच्या भाऊ, २.७ या एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही. तो त्याच स्कॅनमधल्या लिव्हरशी ताडून पाहतात. लिव्हरइतका किंवा कमी असेल तर डोविल नावाच्या मोजपट्टीवर ३ किंवा त्याखाली, आणि एबीव्हीडी पूर्ण झाल्यावर गाठ शिल्लक असली तरी तो पूर्ण प्रतिसाद धरतात. लिव्हरपेक्षा जास्त म्हणजे ४, खूपच जास्त किंवा नवीन जागी दिसलं तर ५. बायोप्सीचा विचार तिथं येतो. लिव्हरचा आकडा सेंटरला मागा. आणि शेवटच्या केमोनंतर किती दिवसांनी स्कॅन झाला?

अचलपूर_मधुमेही
मले तं शुगर २४० होती म्हणून सकाळी परत पाठवलं. दोनशेच्या खाली पाहिजे म्हणे. गाडीभाडं वाया गेलं, कोणी आधी सांगितलंच नाही. तुमच्या भावाले शुगर आहे का?

दिग्रसचा_शेतकरी
शुगर नाही. केमो संपून पंधरवडा झाला असेल, तेव्हा त्याले खोकलाही होता. सेंटरला फोन केला: लिव्हर ३.२, छातीतल्या रक्ताचा १.८.

पेट_टेक्निशियन_नागपूर
मग हिशेब सरळ आहे. २.७ हे १.८ पेक्षा जास्त, पण ३.२ पेक्षा कमी. डोविल ३. शिवाय स्कॅन घाईत झाला. केमोनंतर सहा ते आठ आठवडे थांबणं बरं, किमान तीन तरी. रेडिएशन झालं असतं तर तीन महिने. लवकर केला की सुजेचीच चमक मोजली जाते. खोकल्यानंही छातीतल्या गाठी चमकतात.

वणीकर
म्हणूनच म्हणतो, नवीन मशीनवर परत करा. शंका ठेवायची कायले?

पेट_टेक्निशियन_नागपूर
मशीन बदलली की जुन्या आकड्याशी तुलना बिघडते. दुसरं म्हणजे वय २४. केमोनंतर काही महिन्यांत तरुणांची थायमस ग्रंथी पुन्हा वाढते आणि तीही छातीतच चमकते. परत स्कॅन केला तर नवीन शंका उभी राहू शकते. मी तरी करणार नाही, तपासणी आणि लक्षणांवर लक्ष ठेवीन. मात्र ३ म्हणजे शंभर टक्के हमी नव्हे, काहींना पुढं परत येतं.

रेखा_आर्वी
शेवटी हमी नाहीच ना? मग बायोप्सीत वाईट काय?

पेट_टेक्निशियन_नागपूर
छातीच्या मधोमध, हृदयाजवळ सुई घालायची आहे. शिवाय वणातून नुसते तंतू आले तर "आजार नाही" असंही खात्रीनं म्हणता येत नाही. लिव्हरपेक्षा चमक वाढली, तर मात्र मीही बायोप्सीच म्हणेन.

दिग्रसचा_शेतकरी
मंगळवारी डॉक्टरांनीही डोविल ३, पूर्ण प्रतिसाद असंच सांगितलं. परत पेटची गरज नाही म्हणाले, रेडिएशनचं ट्यूमर बोर्डात ठरवणार. तरी बाबा ऐकायले तयार नाहीत. रेडिएशन नाही ठरलं, तर सोयाबीन विकून दिवाळीनंतर त्याच सेंटरवर करणार आहो. मुंबई नाही, बायोप्सी नाही.

पेट_टेक्निशियन_नागपूर
ठीक. पण नवा स्कॅन आधीच्या स्कॅनशी ताडून वाचला जाईल असं बघा, नुसता रिपोर्ट नको, सीडी न्या. सहा तास उपाशी, फक्त पाणी. आदल्या दिवशी शेतातली जड कामं नकोत, स्नायू चमकतात. इंजेक्शननंतर तासभर पांघरुणात निवांत बसवा, थंडीनं मानेभोवतीची चरबी चमकते अन् गाठीसारखी दिसते. खोकला, ताप असला तर तारीख पुढं ढकला.

अचलपूर_मधुमेही
सकाळी पोहोचायले दिग्रसहून गाडी कोणती आहे भाऊ? मुक्काम करा लागते का?